पहिला रेझ्युमे: प्रोजेक्ट वर आणा

फ्रेशरच्या रेझ्युमेतली सगळ्यात मोक्याची जागा ‘करिअर ऑब्जेक्टिव्ह’ अडवून बसतं. ते सरळ काढा. नाव, फोन, ईमेलखाली शिक्षण दोन ओळींत, मग कौशल्यं आणि लगेच प्रोजेक्ट व इंटर्नशिप. एक पान पुरतं.

खरी मेहनत प्रोजेक्टच्या ओळींवर घ्या. समजा, कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या मुलीने लिहिलंय: ‘लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टीम. जावा, मायएसक्यूएल. चौघांचा ग्रुप.’ यात तिने स्वतः काय केलं ते कळतच नाही. तेच असं लिहिता येईल: ‘चौघांच्या गटात डेटाबेस आणि पुस्तकांच्या देवघेवीचा भाग माझ्याकडे. एकच प्रत एका वेळी दोघांच्या नावावर चढू नये म्हणून ट्रान्झॅक्शन वापरले. १,००० नमुना नोंदींवर चाचणी घेतली.’ आकडा खरा असेल तरच टाका, मुलाखतीत पुढचा प्रश्न त्यावरच येतो. एखाद्या ओळीवर दोन मिनिटं बोलता येत नसेल, तर ती ओळ काढलेली बरी.

इंटर्नशिप महिनाभराची, निव्वळ प्रशिक्षणाची असेल तर तसंच लिहा. नोकरीचा अनुभव म्हणून सजवू नका.

कॉलेजच्या उपक्रमांत ‘सक्रिय सहभाग’ नको. गॅदरिंगचे प्रायोजक तुम्ही मिळवले किंवा हिशेब सांभाळला, तर ते लिहा. वडिलांचं नाव, जन्मतारीख, ‘वरील माहिती खरी आहे’ हे खासगी कंपनीला सहसा लागत नाही. प्लेसमेंट सेलचा ठरलेला नमुना असेल तर मात्र तो पाळावा लागतो. प्रोजेक्टच्या ओळी तिथेही तुम्हीच लिहिता.