नियम रास्तपणे नाकारता येतो का? कसोटी लावताना या चुका टाळा

अमेरिकी तत्त्वज्ञ टी. एम. स्कॅनलन यांनी १९८२ च्या निबंधात करारवादाची कसोटी मांडली आणि १९९८ च्या पुस्तकात ती सविस्तर उलगडली. ज्या नियमांना, झळ पोचणाऱ्यांपैकी कुणीही रास्तपणे नकार देऊ शकत नाही, तेच नियम एकमेकांसमोर समर्थनीय ठरतात. ऐकायला सोपी वाटते, पण लावताना हमखास चुकते.

सात मजली, २८ घरांच्या सोसायटीचा ठराव घ्या: दुपारी १ ते ४ लिफ्ट बंद, घरटी महिना ५० रुपये बचत. सहाव्या मजल्यावरच्या आजींचे गुडघे गेलेले.

पहिली गफलत म्हणजे हात वर करून निकाल लावणे. २७ विरुद्ध १ या आकड्याने इथे काहीच ठरत नाही. पण म्हणून कुणीही नुसते ‘नाही’ म्हटले की नियम पडला, असेही नाही. अध्यक्ष आवडत नाहीत म्हणून कुणी अडून बसला, तर तो नकार रास्त नव्हे. प्रश्न कोण नाकारतो हा नसून, नाकारायला कारण काय, हा आहे.

सगळ्यात घातक चूक बेरजेची. २७ गुणिले ५०, म्हणजे १३५० रुपये एका पारड्यात आणि आजी दुसऱ्यात, असे मांडले की कसोटीच मोडली. ते १३५० रुपये कुणा एकाचे नाहीत. प्रत्येकाची तक्रार ५० रुपयांचीच. एकेका माणसाची तक्रार एकेकाशीच ताडायची. स्कॅनलनच्याच उदाहरणात प्रक्षेपण केंद्रात एक तंत्रज्ञ यंत्राखाली अडकून विजेचे झटके सोसतो आहे. त्याला सोडवायला विश्वचषकाच्या सामन्याचे प्रक्षेपण १५ मिनिटे थांबवावे लागेल. प्रेक्षक कितीही असोत, थांबवायलाच हवे.

मात्र आजींचा त्रास मोठा आहे एवढ्यावर थांबू नका. झळ कुठल्याही नियमाची कुणाला ना कुणाला बसतेच, म्हणून पर्याय शेजारी ठेवून पाहायचे. लिफ्ट चालूच ठेवली, तर सर्वात मोठी तक्रार ५० रुपयांची. लिफ्ट बंद ठेवून गरजूंना किल्ली दिली, तर आजींची तक्रार जवळजवळ उरत नाही आणि बचतही बरीचशी हाती लागते. हा तिसरा पर्याय पुढे असताना मूळ ठराव रास्तपणे नाकारता येतो.

आणखी एक बारकावा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. आजी संकोचून म्हणाल्या, “असू दे रे, मी चढेन हळूहळू”, तरी ठराव पास होत नाही. कारण तपासायचे ते त्या जागी असणाऱ्या कुणाचेही: वरचा मजला, अधू पाय. उद्या तिथे दुसरे कुणी राहायला येईल.

जीव विरुद्ध जीव असा प्रसंग आला, की बेरजेची मनाई जड जाते. एका बाजूला एक बुडतोय, दुसरीकडे दोघे, आणि वाचवता येईल एकच बाजू. तक्रारी सारख्याच, मग नाणे उडवायचे? स्कॅनलनचे उत्तर असे: तसे केले तर त्या दोघांतला दुसरा म्हणेल, मी असण्या-नसण्याने काहीच फरक पडला नाही, म्हणून बरोबरी झाल्यावर तो पारडे झुकवतो. हे उत्तर म्हणजे मागल्या दाराने केलेली बेरीजच, असा आक्षेप घेतला जातो, आणि तो वाद मिटलेला नाही.