फ्रोझन पिझ्झा मधे कच्चा राहू नये म्हणून

ओव्हन आधी रिकामाच २२० अंशांवर तापू दे. लाल दिवा विझला की तापला. पिझ्झा वितळवू नकोस, नाहीतर तळ ओला होतो. प्लास्टिक आणि खालचा पुठ्ठा काढून तो थेट मधल्या जाळीवर ठेव. थंड ट्रेवर ठेवलास तर वरचं चीज करपतं आणि तळ पांढराच राहतो. साधारण १२ मिनिटं पुरतात, पण पाकिटावर वेगळं लिहिलं असेल तर तेच खरं. कड तपकिरी, मधलं चीज बुडबुडलेलं दिसलं की काढ.

बंद करताना दोन्ही बटणं शून्यावर आण. टायमरची घंटा वाजली म्हणजे ओव्हन बंद झाला असं नाही! पंखा फिरत राहील, तो थांबल्यावरच भिंतीवरचा स्विच बंद कर.