पाच शक्तींचा तक्ता : साखर कारखान्याचं उदाहरण घेऊन होणाऱ्या चुका टाळा

साखर उद्योगाचा पाच शक्तींचा तक्ता हातात आला की आधी पुरवठादारांची चौकट वाचावी. तिथे बहुतेक वेळा लिहिलेलं असतं: "हजारो लहान शेतकरी, कारखाना एकच, म्हणून पुरवठादारांची ताकद कमी." डोकी मोजून ताकद ठरवणं ही सर्वात जास्त दिसणारी चूक आहे, आणि पुढचा सगळा तक्ता तीच बिघडवते.

मायकेल पोर्टर यांनी १९७९ मध्ये ही मांडणी केली तेव्हा मूळ प्रश्न साधा होता. एखाद्या धंद्यात जो पैसा तयार होतो, तो शेवटी राहतो कुणाकडे? आपसात झुंजणारे स्पर्धक, नव्याने येणारे, पर्यायी वस्तू विकणारे, गिऱ्हाईक आणि पुरवठादार असे पाच जण तो आपापल्या बाजूला ओढत असतात. म्हणून "जास्त", "मध्यम", "कमी" लिहिण्याआधी एक किलो मालाचा हिशेब करावा. तो न करता भरलेल्या तक्त्यावर आमचा विश्वास नाही.

२०२४-२५ च्या हंगामात उसाची एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला किमान दर, १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३४० रुपये होती, म्हणजे टनाला ३,४००. (तोडणी-वाहतुकीचा खर्च महाराष्ट्रात त्यातूनच वजा होतो.) एवढ्या उताऱ्याला एका टनातून १०२.५ किलो साखर निघते. भागाकार केला की किलोमागे नुसता ऊसच साधारण ३३ रुपये १७ पैशांना पडतो. साखरेचा किमान विक्री दर त्या हंगामात ३१ रुपये होता. बाजारभाव त्याच्या वर राहिला, तरी गाळपाचा खर्च, पगार आणि व्याज भागवायला उरणारी फट किती अरुंद आहे ते इथे दिसतं. मळी आणि बगॅस म्हणजे उसाचा चोथा यांचं उत्पन्न मिळालं की ती थोडी रुंदावते.

आता नवशिके म्हणतात, "उतारा वाढवला की नफा वाढेल." तेही तपासू. उतारा १०.२५ च्या वर दर ०.१ टक्क्याने वाढला की एफआरपी क्विंटलला ३ रुपये ३२ पैशांनी वाढायची. उतारा ११.२५ धरला, तर दर ३७३ रुपये २० पैसे होतो आणि टनातून ११२.५ किलो साखर निघते. भागाकार पुन्हा ३३ रुपये १७ पैसेच. गाळपाचा खर्च जास्त किलोंवर विभागला जातो एवढाच कारखान्याचा फायदा, पण उसाचा खर्च किलोमागे पैशानेही उतरत नाही. शेतकरी विखुरलेला असला तरी खालचा दर कायद्याने बांधलेला आहे, आणि चौदा दिवसांत पैसे न दिल्यास १५ टक्के व्याजही द्यावं लागतं. या चौकटीत "कमी" लिहिता येत नाही. उलट बाजूही नोंदवावी: तोडलेला ऊस दिवसाभरातच वजन आणि साखर गमावू लागतो, त्यामुळे तोडणीनंतर शेतकऱ्यालाही थांबायची सोय नसते. त्याची खरी ताकद तोड येण्याआधी असते.

यातून दुसरी मोठी चूक उघडी पडते. स्पर्धक साखर विकताना भांडतात असं धरलं जातं. कारखान्याचा अवाढव्य खर्च वर्षभराचा आणि गाळप मात्र चार-पाच महिन्यांचं. ऊस टाकायची गव्हाण रिकामी राहणं परवडत नाही, म्हणून खरी झुंज उसासाठी होते: शेजारच्यापेक्षा टनामागे चार पैसे जास्त, ऊसतोड टोळ्यांच्या मुकादमांना आगाऊ उचल. राज्यात दोन कारखान्यांत २५ किलोमीटर हवाई अंतराची अट आहे, त्यामुळे नवा येणारा अडतो. पण आधीच उभे असलेले एकमेकांच्या हद्दीतला ऊस ओढतात. स्पर्धेची चौकट भरताना आम्ही आधी विचारतो, "भांडण नक्की कशासाठी आहे?"

पर्यायाच्या चौकटीत दुसऱ्या कारखान्याची साखर लिहू नये, तो स्पर्धक झाला. पर्याय म्हणजे गूळ, मक्यापासूनचं सिरप, स्टीव्हिया.

गिऱ्हाईक म्हटलं की घरातला चहा डोळ्यांसमोर येतो. कारखान्यासमोर असतो व्यापारी, आणि त्याच्या दृष्टीने एका कारखान्याची एस-३० दर्जाची साखर दुसऱ्यासारखीच. निविदेत दर पटला नाही तर तो सहज पुढे जातो.

सरकारला सहावी शक्ती म्हणून वेगळी चौकट काढण्याची घाई करू नये. एफआरपी पुरवठादाराच्या चौकटीत जाते, अंतराची अट नवागताच्या. आणि तक्त्यावर तारीख घालावी. ७ डिसेंबर २०२३ ला उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर केंद्राने बंधन आणलं आणि ज्यांनी इथेनॉल घेणाऱ्या तेल कंपन्यांना "खात्रीचं गिऱ्हाईक" लिहिलं होतं, त्यांची चौकट एका आदेशाने चुकली. पुढच्या ऑगस्टमध्ये ते बंधन उठलं, तेव्हा ती पुन्हा भरावी लागली.