हेडफोन फॅक्टरी रिसेट करताना या चुका टाळा: आठवण दोन्हीकडे असते, पुसली जाते एकीकडेच

सीताबर्डीवरच्या माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर आठवड्याला चार-पाच वायरलेस हेडफोन तरी असे येतात की त्यांत बिघाड काहीच नसतो. बॅटरी ठीक असते, आवाज ठीक असतो, बटणे ठीक असतात; फक्त ते नव्या फोनला जोडले जात नाहीत, किंवा सुरू करताच कुठल्या तरी जुन्या लॅपटॉपला किंवा टीव्हीला जाऊन चिकटतात. गिऱ्हाईक सांगते, "भाऊ, तीनदा रिसेट केला, तरी काऊन जोडत नाही?" आणि मी विचारले की रिसेट म्हणजे नेमके काय केले, तर दहापैकी आठ वेळा उत्तर येते की बटण बराच वेळ दाबून धरले.

मूळ गोष्ट आधी समजून घेतली पाहिजे. हेडफोन आणि फोन पहिल्यांदा जोडले जातात तेव्हा दोघे मिळून एक गुप्त किल्ली ठरवतात आणि तिची एक-एक प्रत दोघांच्याही मेमरीत राहते. ब्लूटूथच्या भाषेत तिला लिंक की म्हणतात. पुढच्या वेळी दोघे एकमेकांना ओळखतात ते याच किल्लीवरून. फोनवर हेडफोनचे नाव दिसते ते केवळ आपल्या सोयीसाठी. फोन त्याला ओळखतो ते त्याच्या ब्लूटूथ पत्त्यावरून, आणि हा पत्ता कारखान्यात दिलेला असल्यामुळे फॅक्टरी रिसेट केल्यावरही बदलत नाही. खालच्या दोन मोठ्या चुकांपैकी पहिली याच दोन गोष्टींतून निघते.

पहिली चूक म्हणजे एकाच बाजूची किल्ली पुसणे. यात मला सर्वाधिक आठवते ती धरमपेठेत भावाकडे राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी एक मुलगी. भावाने आपले जुने सोनीचे WH-1000XM4 हेडफोन तिला दिले होते. ती रात्री व्याख्याने ऐकायला बसली की शेजारच्या खोलीत भाऊ ऑफिसचा लॅपटॉप उघडायचा आणि हेडफोन त्या लॅपटॉपला जोडले जायचे; तिच्या कानात भावाच्या मीटिंगचा आवाज यायचा. तिने सर्वांत आधी स्वतःच्या फोनमधून हेडफोनचे नाव काढून टाकले. याने काहीच साधले नाही, कारण अडचण लॅपटॉपशी होती आणि लॅपटॉपची किल्ली हेडफोनमध्ये होती तशीच राहिली. या मॉडेलमध्ये आठ उपकरणांची जोडणी साठवली जाते आणि नववे जोडले की ज्याच्याशी संपर्क होऊन सर्वांत जास्त काळ लोटला आहे ते गळते. म्हणजे रोज वापरला जाणारा लॅपटॉप आपोआप यादीतून जाण्याची शक्यता जवळजवळ नव्हतीच.

मग तिने एक व्हिडिओ पाहून रिसेट केले. पॉवर आणि CUSTOM ही दोन्ही बटणे एकत्र दाबायची, हे तिला बरोबर कळले होते. पण हेडफोन त्या वेळी चार्जिंगला लावलेले होते. इथे पुष्कळ लोक फसतात. या मॉडेलमध्ये चार्जिंगची केबल लावलेली असताना ही दोन बटणे दाबली तर हेडफोन नुसते नव्याने सुरू होण्यासारखे रिसेट होतात आणि जोडणीची यादी शाबूत राहते. अडकून बसलेल्या, बटणाला दाद न देणाऱ्या हेडफोनसाठी ही सोय आहे. यादी पुसायची असेल तर केबल काढायची, हेडफोन बंद करायचे आणि मगच तीच दोन बटणे एकत्र किमान १० सेकंद दाबून धरायची. काम झाल्याची खूण एकच: निळा दिवा चार वेळा लुकलुकतो. तो लुकलुकला नाही तर रिसेट झालेले नाही, मग बटणे कितीही वेळा दाबलेली असोत.

भावाने दुसऱ्या दिवशी सांगितल्यावर तिने केबल काढून तेच केले आणि दिवा चार वेळा लुकलुकलाही. आता लॅपटॉप हेडफोनला पकडत नव्हता. पण तिचा स्वतःचा फोनही त्यांना जोडला जाईना. मधल्या दिवसांत तिने फोन पुन्हा जोडून घेतला होता, म्हणजे फोनकडे किल्ली होती. हेडफोनने मात्र आपल्याकडची सगळी यादी पुसून टाकली होती. घराचे कुलूप बदलावे आणि जुनी किल्ली घेऊन आलेल्या माणसाने दाराशी झटापट करत राहावे, तसे चालले होते. फोनला पत्ता जुनाच दिसत असल्यामुळे तो जुनीच किल्ली पुढे करत होता आणि हेडफोन ती नाकारत होते. फोनवर नावावर बोट ठेवले की क्षणभर जोडणी चालू असल्याचे दिसायचे आणि नाव पुन्हा आधीच्या यादीत जाऊन बसायचे. तिचा समज झाला की रिसेट बिघडले, म्हणून तिने ते आणखी दोनदा केले. रिसेट पहिल्यांदाच पूर्ण झाले होते. राहिले होते ते फोनकडचे काम.

माझ्या टेबलावर हे सुटायला पाच मिनिटे लागली. मी तिच्या फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये हेडफोनच्या नावाशेजारच्या चिन्हातून Forget निवडले. आयफोनवर तेच Forget This Device असे दिसते आणि विंडोजच्या लॅपटॉपवर Remove device. त्यानंतर हेडफोन सुरू केले. फॅक्टरी रिसेटनंतर हे मॉडेल सुरू होताच आपोआप पेअरिंगमध्ये जाते, म्हणजे नवे उपकरण जोडून घ्यायला तयार होते, आणि निळा दिवा दोन-दोनदा लुकलुकत राहतो. एरवी पेअरिंगमध्ये न्यायचे असेल तर बंद हेडफोनचे पॉवर बटण सुमारे ७ सेकंद दाबून धरावे लागते. फोनवर आधी LE_WH-1000XM4 असे नाव आले. तिचे बोट त्याकडे निघाले होते, मी थांबवले. LE_ ने सुरू होणारे नाव निवडायचे नाही. नुसते WH-1000XM4 हे नाव येईपर्यंत थांबायचे, आणि त्याला कधी कधी अर्धे ते एक मिनिट लागते. ते आले, तिने निवडले, आणि पहिल्याच प्रयत्नात जोडणी झाली. या एका मिनिटाचा धीर न धरल्यामुळे किती लोकांनी सगळे रिसेट पुन्हा पहिल्यापासून केले असेल, याची मला कल्पना आहे.

म्हणून माझी सवय अशी आहे की रिसेट करण्याच्या आधीच घरातल्या प्रत्येक उपकरणातून त्या हेडफोनचे नाव काढायचे आणि मग त्या सगळ्यांचे ब्लूटूथ बंद ठेवायचे: फोन, जुना फोन, टॅब, लॅपटॉप, दिवाणखान्यातला टीव्ही. टीव्हीचा सर्वांना विसर पडतो. यानंतर रिसेट, आणि मग फक्त ज्या एका फोनला जोडायचे आहे त्याचेच ब्लूटूथ सुरू. पुस्तिकेत एवढे सांगितलेले नसते आणि काटेकोरपणे पाहिले तर एवढे लागतही नाही. पण असे केल्याने काय कुठे अडले याचा शोध घेण्याची वेळच येत नाही.

दुसरी मोठी चूक म्हणजे एका मॉडेलची कृती दुसऱ्याला लावणे. "दोन बटणे दाबायची" हे सर्वत्र सारखे नाही. याच कंपनीच्या WH-1000XM3 ला CUSTOM नावाचे बटणच नाही. तिथे पॉवरसोबत NC/AMBIENT SOUND हे बटण ७ सेकंद धरावे लागते. बोसच्या QC35 मध्ये यादी पुसण्यासाठी पॉवरची सरकपट्टी ब्लूटूथच्या चिन्हाकडे सरकवून सुमारे १० सेकंद तिथेच धरायची, म्हणजे यादी पुसल्याचे हेडफोन स्वतः बोलून सांगतात. ज्या एअरपॉड्सच्या डबीला मागे बटण आहे, त्यांत डबीचे झाकण उघडे ठेवून ते बटण सुमारे १५ सेकंद दाबायचे. दिवा आधी पिवळसर केशरी आणि मग पांढरा लुकलुकला की झाले. केशरी दिसताच बोट उचलणारे निम्म्यावर थांबतात. मला सगळ्यांत जास्त खटकते ते हे, की माणसे मॉडेलचे नाव न पाहता पहिला समोर आलेला व्हिडिओ पाहून बटणे दाबू लागतात आणि मग हेडफोनला नावे ठेवतात. मॉडेलचे नाव कानाच्या कपाच्या आतल्या बाजूला, पट्टीवर किंवा डबीच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेले असते. ते आधी कागदावर उतरवून घ्यावे आणि त्याच नावाची पुस्तिका शोधावी.

सेकंद मनात मोजू नयेत. घाईतला माणूस दहा म्हणतो तेव्हा सहा-सात सेकंदच झालेले असतात. मी भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा पाहतो. मे महिन्यात आपल्याकडच्या उकाड्यात बोटे घामाने ओली असतात आणि शेजारशेजारच्या दोन बारीक बटणांपैकी एकावरचा दाब नकळत सुटतो. मग फक्त पॉवरचे बटण दाबले गेल्यासारखे होते आणि हेडफोन रिसेट न होता पेअरिंगमध्ये जातात. बोटे आणि बटणे कोरडी पुसून घ्यावीत.

बॅटरी संपत आलेली असताना रिसेट करू नये. अर्धा तास चार्ज करावे, केबल काढावी आणि मग सुरुवात करावी.

कानात घालायच्या जोडबड्सचा एकच बड रिसेट करू नये. ते दोघे आपसातही जोडलेले असतात. एकालाच वेगळे रिसेट केले तर पुष्कळ मॉडेलांत फोनवर डावा आणि उजवा वेगवेगळे दिसू लागतात आणि आवाज एकाच कानात येतो. दोन्ही डबीत ठेवूनच करावे.

फोनमधले Reset Bluetooth & Wi-Fi हा सोपा उपाय म्हणून सुचवणारे पुष्कळ आहेत. मी तो सांगत नाही. त्याने हेडफोनच्या मेमरीतली यादी पुसली जात नाही, आणि घरातल्या, ऑफिसातल्या वायफायचे साठवलेले पासवर्ड, घड्याळाची, गाडीची जोडणी हे सगळे मात्र जाते. एका नावासाठी सगळी वही फाडण्यासारखे आहे ते. एक नाव काढायला एकच Forget पुरते.

आणि एवढे सगळे करूनही दिव्याची खूण येतच नसेल, केबल काढलेली आहे, बॅटरी भरलेली आहे, सेकंद घड्याळावर मोजलेले आहेत, तर अडचण जोडणीत नसून बटणात असण्याची शक्यता मोठी. घाम आणि धुळीने बटण चिकटून बसले की ते दाबल्यासारखे वाटते पण आतला स्पर्श होत नाही. बोटाखाली नेहमीची टिकटिक जाणवत नसेल तर आणखी जोर लावू नये. हेडफोन उघडूनच पाहावे लागतात.

जोडणी झाली की मी लगेच हेडफोन परत देत नाही. ते बंद करतो, पुन्हा सुरू करतो, आणि नवा फोन आपोआप जोडला जातो का हे पाहतो. जुने उपकरण सोबत आणले असेल तर त्याचे ब्लूटूथ सुरू करून तेही शेजारी ठेवतो. त्या मुलीच्या बाबतीत लॅपटॉप घरी होता, म्हणून तिला सांगितले की भाऊ आल्यावर दोघांनी शेजारी बसून हेच करून पाहा आणि लॅपटॉपच्या यादीत नाव उरले असेल तर तेही काढून टाका. रात्री तिचा निरोप आला: लॅपटॉप उघडला, यादीत हेडफोनचे नाव होते, ते काढले, आणि तिचे व्याख्यान मध्ये कुठेही न तुटता पूर्ण झाले.