अंडं की अळी? जंतांच्या प्रश्नात संसर्गाची अवस्था कशी ओळखावी

परजीवीशास्त्राच्या पेपरात 'संसर्गक्षम अवस्था कोणती?' हा प्रश्न आला की मुलं पाठ केलेला तक्ता आठवू लागतात. फोंड्यात नर्सिंगच्या मुलींना शिकवताना मी दरवर्षी तेच पाहते. दहा जंतांची नावं, त्यांच्यापुढे दहा अवस्था, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री सगळ्याची सरमिसळ. तक्ता बाजूला ठेवा आणि अंड्याच्या मागे मागे चाला, म्हणजे उत्तर वाटेतच सापडतं.

आधी कोरा कागद घ्या. डावीकडे 'विष्ठा' लिहा, उजवीकडे 'पुढचा माणूस'. मधल्या जागेत अंड्याचं काय होतं, तेवढंच भरायचं.

अंकुशकृमी म्हणजे हूकवर्म घेऊन बघू. प्रश्न असा येतो: कुळागरात अनवाणी काम करणाऱ्या बाईच्या पायाला खाज सुटून पुरळ आलं होतं. काही महिन्यांनी थकवा, फिकट डोळे, हिमोग्लोबिन कमी. विष्ठेत अंडी दिसली. संसर्ग कोणत्या अवस्थेतून झाला? बऱ्याच मुली 'अंडं' लिहितात, कारण तो शब्द प्रश्नातच असतो. पण विष्ठेत दिसलेलं अंडं ही निदानाची अवस्था. ते या बाईतून बाहेर पडलंय, तिच्यात शिरलेलं नाही.

आता कागदावर चाला. सावलीच्या ओल्या मातीत अंडं एक-दोन दिवसांत फुटतं आणि रॅब्डिटिफॉर्म अळी बाहेर येते. ती मातीतले जिवाणू खाते, वाढते, कात टाकते आणि साधारण 5 ते 10 दिवसांत फिलारिफॉर्म होते. हिचं तोंड मिटलेलं असतं. खाणं संपलं, आता तिला फक्त कातडी शोधायची आहे. पायातून रक्तात, रक्तातून फुप्फुसात, श्वासनलिकेतून घशात, तिथून गिळली जाऊन लहान आतड्यात. उत्तर: फिलारिफॉर्म अळी, कातडीतून. 'खाणारी अळी मातीत, न खाणारी पायात' एवढं धरून ठेवलं तरी रॅब्डिटिफॉर्मचा फसवा पर्याय गळतो.

गोल जंताचं, म्हणजे अ‍ॅस्कॅरिसचं अंडंही मातीतच पिकतं, पण तिथे फुटत नाही. दोन ते चार आठवड्यांत आतल्या आत अळी तयार होते आणि ते अंडं न धुतलेल्या भाजीवरून, मातीच्या हातांवरून तोंडात जातं. म्हणून पर्यायात नुसतं 'अंडं' आणि 'अळी तयार झालेलं अंडं' दोन्ही असतील तर दुसरंच निवडा. ताज्या विष्ठेतलं अंडं अजून कच्चं असतं. हा जंतही फुप्फुसातून फिरून येतो, त्यामुळे प्रश्नातल्या खोकल्यावरून वाट ठरवू नका.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या डुकराच्या पट्टकृमीत, टीनिया सोलियममध्ये. मी वर्गात हा प्रश्न घालते: शुद्ध शाकाहारी घरातल्या मुलीला फिट आली. सीटी स्कॅनमध्ये मेंदूत छोटी पाण्याची गाठ, आत एक ठिपका. हमखास कुणीतरी हात वर करते: "मॅडम, ती तर डुकराचं मांस खातच नाही!"

इथे एक पायरी वाढवा. रुग्णाच्या अंगात काय आहे, पूर्ण जंत की त्याची अळी? नीट न शिजलेल्या मांसातली सिस्टिसर्कस अळी खाल्ली तर आतड्यात लांबलचक पट्टकृमी वाढतो. त्या माणसाच्या विष्ठेतून अंडी पडतात. ती अंडी डुकराने खाल्ली तर डुकराच्या स्नायूत गाठी होतात. तीच अंडी दूषित भाजी, पाणी किंवा हातांवरून माणसाच्या पोटात गेली तर माणूस डुकराच्या जागी बसतो. अंड्यातला भ्रूण आतड्याची भिंत भेदून रक्तातून मेंदूत जातो आणि तिथे गाठ धरतो. तो ठिपका म्हणजे अळीचं डोकं. म्हणून उत्तर अंडं, तोंडावाटे. मांसाचा तिच्याशी संबंध नाही. आतड्यात जंत असेल तर अळी खाल्ली, ऊतीत अळी असेल तर अंडं खाल्लं.

गाईगुरांच्या टीनिया सॅजिनॅटाला मात्र ही दुसरी वाट नाही. माणसाला मिळतो तो फक्त आतड्यातला जंत.

हत्तीरोगात विष्ठेचा संबंधच नाही, तिथे कागदावर डावीकडे 'रक्त' लिहा. डास रक्तातून मायक्रोफिलारिया उचलतो आणि चावताना तिसऱ्या टप्प्याची अळी सोडतो.

शेवटी स्ट्राँगिलॉइडिस, कारण तो कागदावरची रेघ मोडतो. त्याची अंडी आतड्यातच फुटतात, म्हणून विष्ठेत सहसा अंडं नाही, अळी दिसते. त्यातल्या काही अळ्या बाहेर न पडताच आत फिलारिफॉर्म होतात आणि आतड्याच्या भिंतीतून किंवा गुदद्वाराजवळच्या कातडीतून पुन्हा शिरतात. प्रश्नातला म्हातारा कित्येक वर्षांत मातीत उतरलेला नसेल आणि स्टिरॉइड सुरू केल्यावर अचानक गंभीर झाला असेल, तर अवस्था फिलारिफॉर्मच लिहा, पण वाट 'स्वतःच्याच आतड्यातून' अशी लिहा.