राफ्टरची लांबी आणि पत्र्यांची संख्या: छपराच्या हिशोबात या चुका टाळा

छपराचा हिशोब चुकला की बहुतेक जण आकडेमोडीला दोष देतात. आकडेमोड मात्र सहसा बरोबर असते. चूक त्याआधीच झालेली असते: गाळा, म्हणजे समोरासमोरच्या भिंतींमधलं अंतर, कुठून कुठपर्यंत मोजला आणि उताराचा आकडा कशाच्या मापात वाचला, या दोन ठिकाणी. पुढे पत्रे मोजताना तिसरी मोठी चूक होते. म्हणून एकच शेड घेऊन मापापासून पत्र्यापर्यंत सरळ जाऊ.

शेड दोन्ही बाजूंना उतरत्या छपराची आहे. भिंतीच्या बाहेरच्या कडेपासून समोरच्या भिंतीच्या बाहेरच्या कडेपर्यंत रुंदी ८ मीटर, लांबी १५ मीटर. उतार १:४. वळचणीला भिंतीबाहेर ४५० मिमी आडवं पुढे काढायचं आहे आणि दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंतींबाहेर ३०० मिमी.

गाळा आतून मोजणे

शेडमध्ये उभं राहून टेप लावली की माप आतलंच मिळतं. भिंती २३० मिमी जाडीच्या असतील तर आतला गाळा ७.५४ मीटर भरतो. त्याचा अर्धा ३.७७, वळचणीचे ०.४५ मिळवून ४.२२ मीटर. खरा हिशोब बाहेरच्या मापाने होतो: ४.०० अधिक ०.४५, म्हणजे ४.४५ मीटर. फरक भिंतीच्या जाडीइतका, २३० मिमीचा. पण उतारावर तो २३७ मिमी होतो आणि तेवढा प्रत्येक राफ्टर, म्हणजे वळचणीपासून आढ्यापर्यंत जाणारा तिरका पाइप किंवा वासा, आखूड पडतो. राफ्टर बसतो, दिसायला ठीकही दिसतो. फक्त ठरवलेली वळचण निम्मी होते आणि पावसाचं पाणी भिंतीवर येतं.

लोखंडी खांबांची शेड असेल तर नकाशातलं माप बऱ्याचदा खांबांच्या मध्यापासून मध्यापर्यंत दिलेलं असतं. माप चुकीचं नसतं, पण वळचण खांबाच्या मध्यापासून मोजायची की बाहेरच्या कडेपासून, हे ठरवूनच पुढे जावं.

उताराचा आकडा चुकीच्या मापात वाचणे

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. '१:४ उतार' म्हणजे आडवं चार गेल्यावर एक चढणे, आणि हे आडवं माप भिंतीपासून आढ्यापर्यंतचं, म्हणजे अर्ध्या गाळ्याचं. आपल्या शेडमध्ये ४ मीटरला १ मीटर चढ. काही ठिकाणी मात्र छपराची चढण पूर्ण गाळ्याच्या प्रमाणात सांगतात: 'गाळ्याच्या पाव'. तसं धरलं तर ८ मीटरचा पाव म्हणजे आढ्याची उंची २ मीटर होते. तोच 'एकास चार' आकडा, पण एका अर्थाने उतार १४ अंशांचा आणि दुसऱ्या अर्थाने साडेसव्वीस अंशांचा.

पायथागोरसने दोन्ही लांब्या काढून पाहा. अर्ध्या गाळ्यावर १:४ धरलं तर प्रत्येक एक मीटर आडव्या मापाला राफ्टर १.०३०८ मीटर लागतो (१ आणि ०.२५ यांच्या वर्गांची बेरीज, तिचं वर्गमूळ). ४.४५ गुणिले १.०३०८ म्हणजे ४.५८७ मीटर. पूर्ण गाळ्याचा पाव धरला तर गुणक १.११८ होतो आणि लांबी ४.९७५ मीटर. एका राफ्टरमागे ३९ सेंटीमीटरचा फरक! म्हणून उतार विचारताना प्रमाण विचारू नका, 'भिंतीपासून आढं किती वर?' असं विचारा. एक मीटर की दोन मीटर, या उत्तरात गोंधळाला जागाच राहत नाही.

अंश आणि टक्के यांचीही अशीच गल्लत होते. नकाशावर नुसता १५ लिहिलेला असेल तर १५ अंशाने ४ मीटरला १.०७ मीटर चढ येतो आणि १५ टक्क्यांनी फक्त ६० सेंटीमीटर. चिन्ह पुसट असेल तर अंदाज करू नका, आढ्याची उंची मागून घ्या.

अंशांवरून काढणाऱ्यांसाठी एक सोपी तपासणी आहे. आडव्या मापाला कोसाइनने भागायचं असतं. घाईत गुणलं जातं आणि ४.४५ चे ४.३२ होतात. तिरकी लांबी आडव्या मापापेक्षा कमी असूच शकत नाही, त्यामुळे असं उत्तर दिसताच थांबा. उलट बाजूनेही पाहता येतं: १४ अंशांना राफ्टर आडव्या मापापेक्षा जेमतेम ३ टक्के जास्त, ३० अंशांना साडेपंधरा टक्के, ४५ ला एकेचाळीस टक्के. उत्तर यापासून फार दूर गेलं तर उतारच चुकीचा वाचलाय.

वळचण उतारावर मोजून मिळवणे

अनेक जण भिंतीपर्यंतचा राफ्टर आधी काढतात आणि त्यात ४५० मिमी तसेच मिळवतात. इतक्या कमी उतारावर १४ मिमीचाच फरक पडतो, खपून जातो. ३५ अंशांच्या उतारावर मात्र तेच ४५० मिमी उतारावर ५४९ होतात, म्हणजे दहा सेंटीमीटरची चूक. सवय एकच ठेवा: सगळी आडवी मापं आधी एकत्र करायची आणि शेवटी एकदाच गुणायचं.

४.५८७ ही राफ्टरच्या वरच्या कडेची लांबी झाली, भिंतीबाहेरच्या टोकापासून आढ्याच्या मध्यरेषेपर्यंत. आढ्यावर मध्ये प्लेट किंवा फळी असेल तर तिची अर्धी जाडी वजा करा. दोन्ही टोकं ओळंब्यात कापायची असतील तर पाइपला थोडी जादा लांबी लागते: राफ्टरची खोली गुणिले उतार. १०० मिमी खोलीच्या पाइपला ०.२५ ने गुणून २५ मिमी. म्हणून ४.५९ चा तुकडा मागू नका, किमान ४.६२ चा मागा. आढ्यावर दोन तुकड्यांमध्ये फट राहून वेल्डिंगने ती भरलेली दिसते, तेव्हा कारण बहुतेक हेच असतं.

राफ्टरइतकाच पत्रा मागवणे

पत्र्याची लांबी राफ्टरच्या लांबीइतकी नसते. वरच्या टोकाला पत्रा मध्यरेषेच्या ५० मिमी अलीकडे थांबतो, कारण दोन बाजूंचे पत्रे एकमेकांवर चढू नयेत आणि वर रिज पट्टी बसावी. खालच्या टोकाला तो राफ्टरच्या पुढे साधारण ६० मिमी निघायला हवा, नाहीतर पाणी पन्हळीत न पडता पत्र्याच्या खालून मागे वळतं आणि राफ्टरची टोकं गंजतात किंवा कुजतात. तर ४.५८७ वजा ०.०५० अधिक ०.०६० म्हणजे ४.५९७, मागणी ४.६० मीटरची.

एवढा लांब पत्रा मिळत नसेल किंवा गाडीत येत नसेल तर दोन तुकडे करावे लागतात, आणि इथे पुन्हा घसरायला होतं. २.४ मीटरचे दोन पत्रे म्हणजे ४.८, वर २० सेंटीमीटर शिल्लक, असं वाटतं. पण आडव्या सांध्यावर पत्र्यावर पत्रा चढवावा लागतो आणि १:४ सारख्या कमी उतारावर ही चढण २०० मिमी ठेवलेली बरी. म्हणजे ४.८ वजा ०.२ बरोबर ४.६. शिल्लक काहीच नाही, मोजून पुरतात. शिवाय हा सांधा पर्लिनवर, म्हणजे राफ्टरवर टाकलेल्या आडव्या पाइपवर यायला हवा. राफ्टरच्या खालच्या टोकापासून सांध्याचा मध्य सुमारे २.२४ मीटरवर येतो, तेव्हा एक पर्लिन तिथे असायलाच हवी. पर्लिन आधी वेल्ड करून पत्र्याची लांबी नंतर ठरवली की सांधा हवेत राहतो, पाय पडला की वाकतो आणि तिथूनच गळती सुरू होते.

क्षेत्रफळ भागून पत्रे काढणे

ही पद्धत इतकी सोपी वाटते की तिच्यावर शंकाच येत नाही. छपराची लांबी १५ अधिक दोन्ही बाजूंचे ०.३, म्हणजे १५.६ मीटर. दोन उतारांचं क्षेत्रफळ १५.६ × ४.६ × २, जवळपास १४३.५ चौरस मीटर. पत्रा १.१० मीटर रुंद आणि ४.६ लांब, म्हणजे ५.०६ चौरस मीटर. भागाकार २८.४, तर २९ पत्रे.

प्रत्यक्षात लागतात ३२. चूक रुंदीत आहे. १.१० ही पत्र्याची एकूण रुंदी. शेजारच्या पत्र्यावर कड चढवल्यावर झाकली जाणारी रुंदी त्यापेक्षा कमी असते. आपल्या उदाहरणात ती १.०० मीटर धरू. प्रत्येक नमुन्याची ही रुंदी वेगळी असते, ती बनवणाऱ्याच्या तक्त्यातून घ्यावी, टेपने पत्रा मोजून नव्हे. आता एका उताराला १५.६ भागिले १.०० म्हणजे १५.६, वर नेऊन १६. दोन उतारांना ३२.

एकूण रुंदीने भागलं असतं तर १४.२ आले असते आणि १५ पत्रे मागवले गेले असते. १५ पत्रे चढवून लावले की पहिला १.१०, पुढचे चौदा प्रत्येकी १.००, मिळून १५.१० मीटर झाकतात. अर्धा मीटर छप्पर उघडं, तेही दोन्ही बाजूंना. प्रत्येक उतार वेगळा मोजून वेगळा वर न्या. दोन्हींची बेरीज करून शेवटी वर नेलं तर काही मापांना एक पत्रा कमी पडतो. दोन तुकड्यांचं काम असेल तर २.४ मीटरचे ६४.

पत्रे आले आणि आखूड निघाले तर

पत्रा ४० मिमी कमी निघाला, तर पत्रा खाली सरकवून वळचणीचे ६० मिमी पूर्ण ठेवा आणि कमतरता आढ्यावर घ्या. तिथली फट प्रत्येक बाजूला ९० मिमी होईल. रिज पट्टीची बाजू २०० मिमी असेल तर ती पत्र्यावर १५० ऐवजी ११० मिमीच चढेल, म्हणून २५० मिमी बाजूची पट्टी करून घ्या. वळचणीला कमतरता ठेवून आढं नीट दिसावं, हा उलटा सौदा आहे. आढ्यावरची कमी रुंद पट्टीने झाकता येते, वळचणीची नाही.

पत्रे मापाचे आहेत, पण वळचणीला त्यांच्या कडा करवतीच्या दातांसारख्या पुढेमागे येतात, अशी तक्रार असेल तर लांबीचा हिशोब परत करू नका. शेड गुण्यात नाही. भिंतींच्या बाहेरच्या कोपऱ्यांतून दोन्ही कर्ण मोजा. ८ आणि १५ मीटरच्या शेडचा कर्ण बरोबर १७ मीटर येतो. एक १७.०५ आणि दुसरा १६.९५ निघाला, तर पहिला पत्रा टोकाच्या भिंतीला समांतर न लावता वळचणीच्या दोरीला काटकोनात लावा आणि वाकडेपणा शेवटच्या टोकाला पट्टीखाली घ्या. हे कर्ण पत्रे मागवण्याआधीच मोजले, तर टोकाला किती जास्त झाकावं लागेल ते आधीच कळतं आणि १५.६ च्या जागी खरा आकडा हिशोबात धरता येतो.