शून्य दराचा पट्टा आणि बारा लाखांची सूट : या चुका टाळा

"बारा लाखांपर्यंत टॅक्स नाही" हे वाक्य परभणीच्या मोंढ्यापासून लातूरच्या शिक्षकांच्या स्टाफरूमपर्यंत सगळ्यांच्या तोंडी आहे. ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं ठाऊक नसल्यामुळे पगारासोबत शेतीचंही उत्पन्न असलेल्या माणसाला रिटर्न भरताना घाम फुटतो. खालचे आकडे २०२५-२६ या आर्थिक वर्षाचे, नव्या करप्रणालीचे आहेत.

पहिली चूक : बारा लाख ही करमाफ मर्यादा समजणे. करमाफ मर्यादा आहे चार लाखांची. चार लाखांपर्यंत दर शून्य, चार ते आठ लाखांवर ५ टक्के, आठ ते बारा लाखांवर १० टक्के आणि बारा ते सोळा लाखांवर १५ टक्के, असे टप्पे वर चढत जातात. बारा लाखांवर कर निघतोच, वीस हजार अधिक चाळीस हजार म्हणजे साठ हजार. तो निघाल्यावर सरकार साठ हजारांपर्यंतची रिबेट देतं आणि आकडा शून्यावर येतो. हीच कलम ८७ए ची सूट.

दोन्हींचा शेवट शून्यच, मग फरक काय? फरक मोठा आहे. शून्य दराचा पट्टा प्रत्येकाला मिळतो. वर्षाला पन्नास लाख कमावणाऱ्या डॉक्टरच्याही पहिल्या चार लाखांवर कर नाही. रिबेट मात्र एकूण उत्पन्न बारा लाखांच्या आत असेल तरच मिळते. ती संपते तिथे उंच पायरी लागू नये म्हणून सवलतीची वेगळी तरतूद करावी लागली आहे. उत्पन्न १२,१०,००० झालं, तर तक्त्याप्रमाणे कर ६१,५०० होतो, पण प्रत्यक्षात वरच्या दहा हजारांएवढाच घेतात आणि त्यावर ४ टक्के उपकर लावतात. शून्य पट्ट्याला असल्या ठिगळाची गरज पडत नाही.

दुसरी चूक याच्याच पोटातली आहे : "मर्यादा ओलांडली की सगळ्या रकमेवर कर." चार लाख दहा हजार उत्पन्न असेल तर ५ टक्के दर फक्त वरच्या दहा हजारांवर लागतो, म्हणजे पाचशे रुपये, आणि तेही रिबेटमध्ये जातात. ही भीती अगदीच निराधार नव्हती म्हणा. आपल्याकडे १९३९ च्या दुरुस्तीपूर्वी पायरीची पद्धत होती. उत्पन्न वरच्या गटात गेलं की सगळ्या रकमेला वरचा दर लागायचा. त्या दुरुस्तीने स्लॅब आले. पद्धत जाऊन इतकी वर्षं झाली, पण दहा हजारांची पगारवाढ नको म्हणणारे लोक अजून भेटतात.

आता तळाला शून्य ठेवून साधतं काय? पोटापुरत्या कमाईला हात लावायचा नाही, हे पहिलं कारण. दुसरं व्यवहाराचं. वर्षाला दोन लाख कमावणाऱ्याकडून दोन-चारशे रुपये वसूल करायला लागणारी नोटीस, कागद आणि कारकून यांचा खर्च वसुलीपेक्षा जास्त व्हायचा. १८६० साली जेम्स विल्सनने भारतात प्राप्तिकर आणला, तेव्हाही वर्षाला दोनशे रुपयांच्या आतलं उत्पन्न बाहेरच ठेवलं होतं. तिसरं कारण मला सगळ्यात चलाख वाटतं. समजा स्लॅब नाहीतच. चार लाखांपर्यंत शून्य आणि त्यापुढे सरसकट १० टक्के, एवढाच कायदा आहे. तरी पाच लाखवाल्याचा कर त्याच्या एकूण उत्पन्नाच्या २ टक्के येतो, आठ लाखवाल्याचा ५ टक्के आणि चाळीस लाखवाल्याचा ९ टक्के. दर एकच, तरी जास्त कमावणाऱ्यावरचा भार चढत जातो. हे काम तळाचा पट्टा एकटा करतो.

तिसरी चूक मराठवाड्यात सर्वाधिक दिसते : "शेतीचं उत्पन्न करमुक्त, म्हणजे हिशोबातच नाही." त्यावर केंद्राचा प्राप्तिकर नाही हे खरं. पण तसंच सोडलं असतं, तर पगार आणि शेती दोन्ही असलेल्याला तळाचे स्वस्त पट्टे एकदा पगारासाठी पूर्ण मिळाले असते आणि शेतीची कमाई वेगळीच बाजूला राहिली असती. के. एन. राज समितीच्या शिफारशीनंतर १९७३ पासून शेतीचं उत्पन्न फक्त दर ठरवण्यासाठी धरतात. अट अशी की शेतीचं निव्वळ उत्पन्न पाच हजारांच्या वर हवं आणि बाकीचं उत्पन्न करमाफ मर्यादेच्या वर हवं. बाकीचं उत्पन्न चार लाखांच्या आत असेल, तर शेतीचे दहा लाख असले तरी हा हिशोब लागूच होत नाही.

एक उदाहरण करून पाहू. जिंतूर तालुक्यात शेती आणि शहरात नोकरी. पगार ११,७५,०००. प्रमाणित वजावट ७५,००० गेली, उरले अकरा लाख. सोयाबीन आणि तुरीच्या पट्ट्या मिळून ४,६०,००० आले. बी, खत, फवारणी, मजुरी १,६०,००० गेली, म्हणजे निव्वळ तीन लाख. शेती नसती तर अकरा लाखांवर कर पन्नास हजार झाला असता आणि रिबेटमध्ये सगळा गेला असता.

आता शेती मिळवा. अकरा आणि तीन, चौदा लाखांवरचा कर ९०,०००. मग शेतीचे तीन लाख अधिक शून्य पट्ट्याचे चार लाख, अशा सात लाखांवरचा कर १५,०००. दोन्हींतला फरक ७५,०००. एकूण उत्पन्न अकरा लाखच धरतात, त्यामुळे रिबेट मिळते, पण कमाल साठ हजारच. उरले १५,०००, उपकर धरून १५,६००. शेतीवर कर लागलेला नाही. शेतीने खालचे पट्टे व्यापले आणि पगार वरच्या दरात ढकलला गेला, एवढंच. वजाबाकीत शेतीसोबत चार लाख मिळवतात ते याचसाठी, की शून्य पट्टा कोणाचाही हिरावला जाऊ नये.

ही चूक आधी कळत नाही, कारण कार्यालयाला तुमच्या शेताची माहिती नसते. फॉर्म १६ वर कर शून्य दिसतो आणि माणूस तोच आकडा बघून आयटीआर-१ भरून मोकळा होतो. शेतीचं उत्पन्न पाच हजारांच्या वर असेल तर तो फॉर्म चालतच नाही, आयटीआर-२ लागतो. तिथे करमुक्त उत्पन्नाच्या तक्त्यात शेती नोंदवली की कराच्या पानावर `Rebate on agricultural income` या ओळीत आकडा आला पाहिजे. वरच्या उदाहरणात तो १५,००० असेल. ओळ रिकामी दिसली तर शेतीचा आकडा तक्त्यात बसलेला नाही असं समजा.

निव्वळ आकडा काढताना दोन ठिकाणी घोटाळा होतो. दुधाचे पैसे शेतीत घुसडले जातात. म्हशीचं दूध विकून आलेलं उत्पन्न प्राप्तिकराच्या लेखी शेतीचं नाही, ते करपात्र आहे. दुसरं, सातबारा आईच्या नावावर, शेत तीच कसून घेते, आणि आडत्याकडची पट्टी मात्र मुलाच्या नावावर फाडलेली. उत्पन्न आईचं असेल तर पट्टीही तिच्याच नावाची घ्यावी, नाहीतर पुढे खुलासे देत बसावं लागतं.

आणि १५,६०० रुपये जुलैपर्यंत थांबवू नका. टीडीएस वजा जाऊन दहा हजार किंवा त्याहून जास्त कर निघत असेल तर आगाऊ कर भरावा लागतो. त्याचे हप्ते जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चच्या १५ तारखेला असतात. सोयाबीन दिवाळीच्या आसपास विकलं जातं, तेव्हा डिसेंबरच्या हप्त्याआधी अंदाज बांधता येतो. तुरीचा आकडा आला की मार्चमध्ये बाकी भरून टाकायची.